राउंडची वही, त्याच संध्याकाळी

सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन वॉर्डात ॲडमिशनच्या दुसऱ्या दिवशीचा राउंड लांबतोच. रात्रभरात भरती झालेले रुग्ण, खाटा पुरल्या नाहीत म्हणून खाली घातलेल्या गाद्या, पुढे युनिटचे सर किंवा मॅडम, त्यांच्या बाजूला केस सांगणारा निवासी डॉक्टर, केस पेपर चाळणाऱ्या सिस्टर आणि सगळ्यांच्या मागे, ॲप्रनच्या खिशातून पॉकेट डायरी काढून टाचा उंचावणारे एमबीबीएसचे विद्यार्थी. दोन-तीन तासांत तीस-चाळीस रुग्ण पाहून होतात. विद्यार्थी भराभरा लिहीत असतात आणि त्यातलं बरंचसं पुन्हा कधी वाचलं जात नाही.

मी मेडिसिन शिकवतो. विद्यार्थ्यांच्या डायऱ्या मी मुद्दाम मागून पाहतो. त्यांत बहुतेक वेळा दोन प्रकारचा मजकूर सापडतो. एक, केस पेपरवर आधीच लिहिलेला: रक्तदाब, रिपोर्टांचे आकडे, औषधांची नावं आणि डोस. दुसरा, पाठ्यपुस्तकात आधीच छापलेला: अमुक आजाराची पाच कारणं, तमुकची चार लक्षणं. जे कुठेच लिहिलेलं नसतं आणि फक्त त्या खाटेशी, त्या मिनिटभरात बोललं जातं, तेच नेमकं डायरीत नसतं. ते म्हणजे कारण. हा रिपोर्ट पाहून सरांनी निर्णय का बदलला? हे औषध मागितलं जात असताना का दिलं नाही? काल बरा वाटणारा रुग्ण आज काळजीचा का झाला? राउंडच्या नोंदी करायच्या त्या या ‘का’साठी, आणि त्या पिकवायच्या त्याच दिवशी संध्याकाळी. हे कसं करायचं, ते एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो. उदाहरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, पण पावसाळ्यात असा रुग्ण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात भेटतो.

हॉटेलात काम करणारा चोवीस वर्षांचा तरुण. वजन ६० किलो. तापाचा पाचवा दिवस. दुसऱ्या दिवशी केलेली डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह आलेली. काल रात्रीपासून ताप उतरला आहे आणि तो घरी सोडा म्हणतो आहे. सकाळपासून मात्र तीनदा उलटी झाली, पोट दुखतं आहे. नाडी ११०, रक्तदाब १०४/८०. हिमॅटोक्रिट, म्हणजे एकूण रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, तिसऱ्या दिवशी ३९ टक्के होता, आज ४७ आहे. प्लेटलेट ३८ हजार. कुठे रक्तस्राव नाही. बाहेर भाऊ उभा आहे आणि त्याचा एकच प्रश्न आहे: ‘साहेब, पेशी कमी झाल्यात, पेशी कधी चढवणार?’

या खाटेशी सर जेमतेम तीन-चार मिनिटं थांबतात. तेवढ्या वेळात सगळं लिहून काढणं अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. डायरीचं पान आधीच उभी घडी घालून दुभागलेलं असावं: डावीकडचा मोठा भाग वॉर्डासाठी, उजवीकडची अरुंद पट्टी कोरी, संध्याकाळसाठी. डावीकडे तीनच गोष्टी टिपायच्या. कालपासून काय बदललं, काय ठरलं आणि मला काय कळलं नाही. तिसऱ्या गोष्टीपुढे ठळक प्रश्नचिन्ह. या रुग्णाची नोंद साधारण अशी होईल:

‘२४ पु., ६० कि. डेंग्यू दि. ५. ताप रात्री उतरला, नाडी तरी ११०. बीपी १०४/८०, सर म्हणाले अंतर बघा (?). हिमॅटो ३९ → ४७. प्ले. ३८ ह., द्यायच्या नाहीत (का?). सलाईन ३००/तास. ६ तासांनी पुन्हा हिमॅटो. सर: आज घरी सोडला तर घात.’

बस्स, एवढंच. नाव नाही, खाट क्रमांक नाही, नोंदणी क्रमांक नाही. डायरी कॅन्टीनमध्ये विसरते, बसमध्ये राहते. त्यावरून रुग्ण कोण हे कुणालाही कळता कामा नये. केस पेपरचा मोबाइलवर फोटो काढण्याची सवय तर ताबडतोब सोडायला हवी. रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याची कागदपत्रं आपल्या फोनमध्ये, तिथून आपोआप कुठल्या तरी सर्व्हरवर आणि मित्रांच्या ग्रुपवर जाणं हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे. शिकण्याच्या दृष्टीनेही फोटोचा तोटाच होतो: फोटो सगळंच टिपतो, त्यामुळे काय महत्त्वाचं हे ठरवण्याचं काम मेंदूला करावंच लागत नाही.

आणखी एक. तीस रुग्णांच्या नोंदी करू नयेत. दोन किंवा तीन रुग्ण निवडावेत. बाकीच्यांच्या वेळी डायरी मिटून नुसतं ऐकावं, बघावं, सर पोटावर हात ठेवतात तेव्हा तो कुठे आणि कसा ठेवतात ते पाहावं. निवड कशी करायची? ज्या खाटेशी निर्णय बदलला किंवा सरांनी निवासी डॉक्टरला अडवून प्रश्न विचारला, तो रुग्ण आपला.

आता संध्याकाळ. हॉस्टेलवर परत आल्यावर पहिली ओढ असते पुस्तक उघडून डेंग्यूचं प्रकरण वाचायची. ती आवरायची. डायरीही उघडायची नाही. कोरा कागद घ्यायचा आणि सकाळचा रुग्ण आठवून लिहायचा: वय काय, तक्रार काय, कितवा दिवस, आकडे कोणते, काय ठरलं. दहा मिनिटं पुरतात. हे अवघड वाटतं, जागोजागी अडतं आणि त्यातच त्याचा उपयोग आहे. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. पुन्हा वाचल्यावर ‘मला येतंय’ असं वाटतं. ते वाटणं आठवडाभरही टिकत नाही.

कागद भरला की मग डायरी उघडायची आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने चुकलेलं, सुटलेलं भरायचं. हा रंग बोलका असतो. आमच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीला ताप, प्लेटलेट, सलाईन सगळं आठवलं. नाडी आणि रक्तदाब मात्र आठवले नाहीत. म्हणजे तिचं लक्ष रिपोर्टांवर होतं, रुग्णावर कमी. हे तिला त्याच संध्याकाळी कळलं, परीक्षकाने सांगण्याची वेळ आली नाही.

त्यानंतर पुस्तक, आणि तेही फक्त प्रश्नचिन्हांपुरतं. हॅरिसन असो वा डेव्हिडसन, अख्खं प्रकरण वाचत बसलं की रात्रीचे बारा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी हा बेत मोडतो. इथे प्रश्न दोनच होते. ‘अंतर बघा’ म्हणजे काय? रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं अंतर. इथे ते २४ आहे. निरोगी माणसात ते ४०च्या आसपास असतं. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागलं की वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो, खालचा वर सरकतो, अंतर आवळत जातं. ते २० किंवा त्याहून कमी झालं की रुग्ण शॉकमध्ये धरायचा, मग वरचा आकडा १०० का असेना. दुसरा प्रश्न प्लेटलेटचा. रक्तस्राव नसेल तर निव्वळ आकडा घसरला म्हणून त्या देत नाहीत. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णासाठी १० हजारांच्या खालची पातळी सांगितली आहे. या तरुणाला धोका आहे तो कमी झालेल्या पेशींपेक्षा झिरपणाऱ्या पाण्याचा. भावाला हे समजावून सांगणं हादेखील शिकण्याचा विषय आहे, आणि निवासी डॉक्टरने ते कोणत्या शब्दांत सांगितलं हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून टिपायला लावतो.

मग शेवटचं काम: नोंदीचे प्रश्न बनवायचे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या कार्डावर, पुढे प्रश्न, मागे उत्तर. अनेक मुलं यासाठी अँकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतात. कोणतं कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते तेच ठरवतं. कागदाची कार्डं असतील तर सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली सुचवलेली खोक्याची पद्धत सोपी आहे: उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्या कप्प्यात, पुढचे कप्पे उशिरा उशिरा उघडायचे. साधन कोणतंही चालेल. कस लागतो तो प्रश्न कसा लिहिला यात.

‘डेंग्यूची धोक्याची लक्षणं सांगा’ हे कार्ड वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत अशी सात लक्षणं आहेत. पाच आठवली तर उत्तर बरोबर धरायचं की चूक, हेच कळत नाही. शिवाय रुग्ण समोर आला की तो यादी घेऊन येत नाही. त्याऐवजी या तरुणावरून असे प्रश्न निघाले:

‘डेंग्यू, पाचवा दिवस. ताप उतरला, नाडी ११०. काळजी वाढली की कमी झाली, आणि का?’ मागे उत्तर: वाढली. ताप उतरण्याच्या सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, केशवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो. हा काळ २४ ते ४८ तासांचा. ताप नसताना नाडी जलद म्हणजे शरीर कमी पडलेलं पाणी भरून काढायला धडपडतं आहे.

‘हिमॅटोक्रिट ३९ वरून ४७. किती टक्के वाढ?’ इथे हटकून चूक होते. ४७ उणे ३९, म्हणून आठ टक्के असं मुलं सांगतात. वाढ मूळ आकड्याच्या तुलनेत मोजायची: आठ भागिले ३९, म्हणजे सुमारे २०.५ टक्के. वीस टक्के किंवा जास्त वाढ ही प्लाझ्मा झिरपल्याची खूण मानतात. आठ टक्के म्हणणारा विद्यार्थी या रुग्णाला घरी पाठवेल.

‘६० किलो वजन, ताशी किलोमागे ५ मिली. ड्रिप सेट १५ थेंबांना १ मिली. मिनिटाला किती थेंब?’ ताशी ३०० मिली, म्हणजे मिनिटाला ५ मिली, म्हणजे ७५ थेंब. थेंबांचं माप सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं आणि ते २० असेल तर उत्तर १०० होतं. म्हणून माप प्रश्नातच लिहायचं.

आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं कार्ड, ‘असं झालं तर?’ जातीचं: ‘सलाईन सुरू आहे. सहा तासांनी हिमॅटोक्रिट ४७ वरून ३६. नाडी ८४ असेल तर काय समजायचं? नाडी १३० असेल तर काय?’ पहिल्या प्रसंगी झिरपणं थांबून पाणी रक्तात परतत असण्याची शक्यता मोठी, सलाईन कमी करायचं. नाहीतर तेच पाणी फुप्फुसात साचून दम लागेल. दुसऱ्या प्रसंगी आत कुठे तरी रक्तस्राव होत नाही ना, हा पहिला संशय. आकडा एकच, अर्थ उलट, आणि फरक नाडीने सांगितला. एका कार्डात दोन प्रश्न नकोत असा माझा आग्रह असतो, पण इथे दोन्ही बाजू शेजारी ठेवल्याशिवाय मुद्दा उमगत नाही.

एका रुग्णामागे अशी चार-पाच कार्डं पुरे. पंधरा झाली तर समजावं की आपण पुस्तक उतरवतो आहोत. सगळ्या कामाला पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल तरी तेच निदान. कार्ड चांगलं झालं की नाही हे दोन दिवसांनी कळतं: प्रश्न वाचताच उत्तर सुचलं पण ‘का’ विचारल्यावर गप्प बसलो, तर प्रश्नाचा चेहरा पाठ झाला आहे, मजकूर नाही. मग आकडे बदलून प्रश्न पुन्हा लिहायचा.

त्याच संध्याकाळी कशासाठी, रविवारी निवांत बसून का नाही? रविवारपर्यंत ‘अंतर बघा (?)’ या शब्दांचा अर्थ आपला आपल्यालाच लागत नाही, हे एक कारण आहे. त्याहून मोठं कारण वॉर्डातच आहे. हा तरुण तीन-चार दिवसांत घरी जाईल. तोवर तो तिथे आहे, त्याचा चार्ट तिथे आहे, निर्णय घेणारा निवासी डॉक्टरही तिथेच आहे. संध्याकाळी जी शंका लिहून ठेवली ती सकाळी सातला त्याच खाटेशी फेडता येते. म्हणून उजवीकडच्या कोऱ्या पट्टीत संध्याकाळी एक अंदाज लिहायला मी सांगतो: उद्या सकाळी याचा हिमॅटोक्रिट किती असेल, सलाईन वाढलं असेल की कमी झालं असेल? आमच्या विद्यार्थिनीने लिहिलं, ‘४२, कमी.’ सकाळी चार्टवर सापडलं: सहा तासांनी ४४, पहाटे ४१, सलाईन टप्प्याटप्प्याने उतरवत ताशी १२० मिलीवर, लघवी भरपूर, नाडी ८४. अंदाज बरोबर आला की का आला, हे तिने निवासी डॉक्टरला दोन वाक्यांत सांगितलं. चुकला असता तर पुढचं कार्ड तिथेच मिळालं असतं.

या पद्धतीला धोकेही आहेत आणि ते ओळखायला हवेत. पहिला, एका रुग्णाचा नियम सगळ्यांना लावणं. ‘डेंग्यूला ताशी ३०० सलाईन’ असं कार्ड मी पाहिलं आहे. त्यात वजन नाही, हृदयाची स्थिती नाही, किती वेळ द्यायचं ते नाही. ५ ते ७ मिली हा दर सुरुवातीच्या एक-दोन तासांचा. पुढे रुग्ण सावरतो तसा तो उतरत जातो. ज्या कार्डावरच्या आकड्याला एकक किंवा मुदत नाही, ते फाडून टाकावं. दुसरा धोका, राउंडवर अर्धवट ऐकलेलं वाक्य नियम म्हणून लिहिणं. वरिष्ठांचं बोलणं समोरच्या रुग्णापुरतं असतं, कधी ते पुस्तकाहून वेगळंही असतं. अशा वेळी दोन्ही लिहावं आणि सकाळी विचारावं: ‘सर, पुस्तकात असं आहे, काल आपण असं केलं, का?’ विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला की शिकवणाऱ्याला मनापासून आनंद होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरी बाब ही मर्यादा आहे. छातीच्या उजव्या तळाशी श्वासाचा आवाज मंद झाला आहे, तिथे पाणी साचतं आहे, हे कार्डावर लिहिता येतं. तो मंद आवाज मात्र कार्डावरून ऐकू येत नाही. यकृत बोटांना कसं लागतं, हात थंड पडणं म्हणजे किती थंड, नखाचा रंग परतायला लागणारे दोन सेकंद किती असतात, यांच्या नोंदीपुढे फक्त ‘पुन्हा जा’ असं लिहावं, आणि रुग्णाची परवानगी घेऊन खरोखर जावं. अंतिम वर्षाच्या परीक्षेत लाँग केस समोर येते तेव्हा परीक्षक कान आणि हात तपासतात, कार्डं नाही.

२०१९च्या तुकडीपासून आलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात लॉगबुक सक्तीचं आहे आणि पुष्कळ मुलांची समजूत असते की ते भरलं म्हणजे नोंदी झाल्या. लॉगबुक हा हजेरीचा आणि सहीचा दस्तऐवज आहे. काय पाहिलं हे त्यात असतं. काय समजलं नाही यासाठी त्यात रकाना नाही. म्हणून ही डायरी वेगळी, स्वतःची, कुणाला तपासायला न द्यायची असावी. माझ्यासारखा मागून बघणारा भेटला तर गोष्ट वेगळी.

एक विनंती मात्र विद्यार्थ्यांना नाही, राउंड घेणाऱ्या आम्हा मंडळींना आहे. आपण ‘प्लेटलेट नको, सलाईन ३०० करा’ एवढं बोलून पुढच्या खाटेकडे वळतो. मागच्या रांगेतल्या मुलांना ऑर्डर ऐकू येते, कारण ऐकू येत नाही. गर्दी खूप असते, ओपीडी वाट पाहत असते, हे मान्य. तरी प्रत्येक खाटेशी नाही जमलं तर निदान दोन खाटांशी तरी, वळण्याआधी मागे बघून ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारं एक वाक्य मोठ्याने बोलावं.